रोख देयकाची मर्यादा आणि खर्चाची वजावट

व्यापारी किंवा व्यावसायिक एखाद्या बिलापोटी एका व्यक्तीला एका दिवसात 10,000 रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोखीने देतो, तेव्हा तो खर्च खरा असूनही करपात्र नफा काढताना वजा होत नाही. आयकर अधिनियम, 1961 च्या कलम 40अ(3) मध्ये ही तरतूद होती. 1 एप्रिल 2026 पासून लागू झालेल्या आयकर अधिनियम, 2025 मध्ये तिचा गाभा आणि मर्यादा तशाच आहेत.

सोलापुरातील सात रस्ता परिसरात चादरी-टॉवेलचे दुकान चालवणारी एक भागीदारी संस्था उदाहरणादाखल घेऊ. तिने यंत्रमागधारकाकडून 48,000 रुपयांचे टॉवेल घेतले. माल उतरला त्या सकाळी 9,000 रुपये रोख दिले, संध्याकाळी मागधारकाचा माणूस आला तेव्हा आणखी 6,000 दिले आणि उरलेले 33,000 आठवड्याने एनईएफटीने पाठवले. दोन्ही व्हाउचर मर्यादेच्या आत दिसतात, पण कायदा त्या दिवशी त्या व्यक्तीला दिलेली एकूण रोकड मोजतो, आणि ती 15,000 होते. इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. मर्यादेवरचे 5,000 नव्हे, तर पूर्ण 15,000 रुपये नामंजूर होतात. उरलेले 33,000 खर्चात राहतात. भागीदारी संस्थेवरील 30 टक्के कर आणि त्यावरचा 4 टक्के उपकर धरल्यास या एका दिवसाचा भुर्दंड 4,680 रुपये पडतो. तेच 6,000 रुपये दुसऱ्या दिवशी दिले असते, तर काहीच नामंजूर झाले नसते, कारण मर्यादा बिलाला नसून व्यक्तीला आणि दिवसाला आहे. त्यामुळे एकाच पुरवठादाराची दोन वेगळी बिले एकाच दिवशी रोखीने भागवली, तर त्यांचीही बेरीज होते.

नुसता रेघा मारलेला धनादेशही पुरेसा नसतो. त्यावर ‘खातेदारालाच देय’ असा शिक्का हवा. यूपीआय, आरटीजीएस, आयएमपीएस, डेबिट आणि क्रेडिट कार्ड ही साधने चालतात. पुरवठादाराच्या खात्यात परस्पर रोकड भरण्याची पद्धत बाजारात आहे, पण ती या साधनांत बसत नसल्याने जोखमीची आहे.

उधारीच्या मालाचा हिशेब वेगळा लागतो. मार्चअखेर 18,000 रुपये देणे होते, तो खर्च त्या वर्षी वजा झाला आणि एप्रिलमध्ये सगळी रक्कम एकाच दिवशी रोख दिली, तर मागच्या वर्षाचा खर्च तसाच राहतो. मात्र रोख दिली त्या वर्षी 18,000 रुपये उत्पन्न म्हणून धरले जातात. नवा माग किंवा शिलाईयंत्र रोखीने घेतल्यास मर्यादेबाहेरच्या दिवसाची रोकड यंत्राच्या किमतीतच धरली जात नाही, म्हणून तिच्यावर घसाराही मिळत नाही.

अपवादांपैकी सोलापूरला सर्वांत लागू पडणारा शेतमालाचा आहे. बाजार समितीत कांदा घेणाऱ्या व्यापाऱ्याने पिकवणाऱ्या शेतकऱ्याला दिलेली रोकड मर्यादेच्या कचाट्यात येत नाही. तोच कांदा दुसऱ्या व्यापाऱ्याकडून घेतला की सवलत संपते. म्हणून हिशोबपट्टीवर शेतकऱ्याचे नाव आणि गाव स्पष्ट असणे मोलाचे ठरते. विजेचा वापर न करता चालणाऱ्या कुटीरोद्योगाचा माल थेट उत्पादकाकडून घेतल्यासही सूट आहे. हातमागाच्या विणकराकडून घेतलेल्या मालाला ती लागू होऊ शकते, यंत्रमागधारकाच्या मालाला नाही. मालट्रक चालवणाऱ्या किंवा भाड्याने देणाऱ्या वाहतूकदाराला रोख देण्यासाठी दिवसाची मर्यादा 35,000 रुपये आहे. पूर्वीच्या कलम 44अड मधील योजनेप्रमाणे उलाढालीच्या ठराविक टक्क्यांवर नफा दाखवणाऱ्या लहान व्यापाऱ्याचे खर्च वेगवेगळे तपासले जात नसल्याने त्याला ही नामंजुरी लागत नाही.

ही तरतूद 1968 च्या वित्त अधिनियमाने आली, तेव्हा मर्यादा 2,500 रुपये होती. काही काळ खर्चाचा 20 टक्के भागच नामंजूर होत असे. 2008-09 या करनिर्धारण वर्षापासून तो पूर्ण नामंजूर होऊ लागला. पाठोपाठ दिवसाच्या बेरजेचा नियम आला, कारण व्हाउचर फोडून मर्यादेखाली ठेवण्याची वाट मोकळी होती. 2017-18 या आर्थिक वर्षापासून मर्यादा 20,000 वरून 10,000 झाली. अत्तरसिंग गुरुमुखसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये ही तरतूद वैध ठरवली. काळ्या पैशाला आळा घालणे हा तिचा हेतू न्यायालयाने मान्य केला.

चूक बहुधा रोजमेळात नव्हे, खतावणीत सापडते. तारखेनुसार लिहिलेल्या रोजमेळात एकाच पुरवठादाराच्या नोंदी विखुरलेल्या असतात. त्याच नोंदी त्याच्या खतावणीत एका तारखेखाली एकत्र येतात. कर लेखापरीक्षा लागू असलेल्या संस्थेच्या अहवालात लेखापरीक्षकाला अशा रकमा स्वतंत्रपणे नोंदवाव्या लागतात.