दोन वह्या, अठ्ठ्याहत्तर गुण

नववीच्या गठ्ठ्यातल्या दोन वह्या मी वेगळ्या काढून ठेवल्या आहेत. विषय एकच होता, ‘आमच्या गावचा बाजार’. पहिल्या वहीतली मुलगी वडिलांबरोबर भाजी विकायला बसते. सकाळी कोथिंबिरीची जुडी कितीला जाते, दुपारी ऊन चढल्यावर तीच कितीला द्यावी लागते आणि भाव पाडताना वडील गिऱ्हाइकाकडे न बघता जुड्यांवर पाणी का शिंपडत राहतात, हे तिनं लिहिलंय. सगळं एका दमात. परिच्छेद नाहीत, पूर्णविराम तीन-चारच आणि ऱ्हस्व-दीर्घाचा पार खुर्दा. दुसऱ्या वहीतला मुलगा ‘भारत हा खेड्यांचा देश आहे’ इथून सुरुवात करतो. चार नीट परिच्छेद, मोत्यासारखं अक्षर, चुका जवळपास नाहीत. बाजार मात्र कुठल्याही गावचा.

दोन्ही वह्यांवर मी चार रकाने आखले: आशय 30, मांडणी 20, भाषा 45, लेखनशुद्धता 5. मुलीला मिळाले 27, 14, 35 आणि 2. मुलाला 18, 18, 37 आणि 5. बेरीज दोघांचीही 78. असे दोन निबंध एकाच आकड्यावर येऊन बसतात, तेव्हा हे रकाने आणि त्यांचे भारांश ठरवले कुणी, हे शोधावंसं वाटणं साहजिक आहे.

अशा रकान्यांच्या तक्त्याला ‘रुब्रिक’ म्हणतात. त्या शब्दाचं मूळ लॅटिन ‘रुब्रिका’त, म्हणजे तांबड्या मातीत. चर्चच्या हस्तलिखित पोथ्यांत प्रार्थना काळ्या शाईत असे आणि ती केव्हा, कशी म्हणायची याच्या सूचना तांबड्या शाईत. आपल्याकडचे लेखनिक चुकलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ फासत. तो वाक्प्रचार अजून टिकून आहे, पण त्यातला रंग कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. शाळेतल्या रकान्यांचा वंश मात्र या पोथ्यांपर्यंत जात नाही. तो सुरू होतो एका फजितीपासून.

1912 साली डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड एलियट या दोघांनी अमेरिकेतल्या माध्यमिक शाळांतल्या मुलांच्या इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिका घेतल्या, त्यांच्या हुबेहूब प्रती काढल्या आणि निरनिराळ्या शाळांतल्या शिक्षकांकडे तपासायला पाठवल्या. 142 शिक्षकांनी त्या तपासल्या. शंभरपैकी एकीला मिळालेले गुण 64 ते 98 या टप्प्यात पसरले होते, दुसरीला 50 ते 97. इंग्रजी हा मतामतांचा विषय म्हणून असं झालं, अशी ओरड झाली. मग त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली. तिथला पसारा आणखी मोठा निघाला.

त्याच वर्षी मायलो हिलेगासनं वेगळी वाट धरली. त्यानं मुलांच्या निबंधांचे नमुने पुष्कळ परीक्षकांकडून तोलून घेतले आणि शून्यापासून 9.37 पर्यंतची एक शिडी बांधली. शिक्षकानं आपल्या पुढ्यातला निबंध त्या नमुन्यांशेजारी ठेवायचा आणि तो कुठल्या पायरीशी जुळतो ते बघायचं. दशांशचिन्हामुळे शिडीला शास्त्राची कळा आली, पण निबंध त्या पायरीवर का बसला, हे ती सांगत नव्हती. आशय आणि अक्षर अजून एकाच गाठोड्यात होते.

विलायतेतलं उदाहरण मला जास्त बोचतं, कारण ते करणाऱ्या माणसाचा आपल्याशी संबंध आहे. फिलिप हार्टोग हे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. 1929 साली हिंदुस्थानातल्या शिक्षणावर अहवाल देणारी समिती त्यांच्याच नावानं ओळखली जाते. 1935 मध्ये त्यांनी ऱ्होड्स यांच्यासह ‘अॅन एक्झामिनेशन ऑफ एक्झामिनेशन्स’ प्रसिद्ध केलं. त्यातल्या एका प्रयोगात इतिहासाच्या 15 उत्तरपत्रिका घेतल्या होत्या. मूळ परीक्षेत या सगळ्यांना सारखेच गुण मिळालेले. 14 परीक्षकांनी त्या तपासल्या आणि वर्ष-दीड वर्षानं त्याच परीक्षकांनी त्याच उत्तरपत्रिका पुन्हा तपासल्या. नापास, पास की विशेष गुणवत्ता, हा निकाल 210 पैकी 92 वेळा बदलला. इथे दुसरा शिक्षक वेगळं मत देत नव्हता. तोच माणूस स्वतःशी जुळत नव्हता.

इथवर सगळे मतभेदाकडे दोष म्हणून बघत होते. पॉल डिडरिकनं तो दोष उघडून आत काय आहे ते पाहिलं, म्हणून रकान्यांचं खरं जन्मस्थान मी प्रिन्स्टनच्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसमध्ये धरतो. 1961 साली त्यानं, जॉन फ्रेंच आणि सिडेल कार्लटन यांच्याबरोबर, कॉलेजात नुकत्याच दाखल झालेल्या विद्यार्थ्यांचे 300 निबंध 53 जणांना वाचायला दिले. वाचणारे फक्त इंग्रजीचे प्राध्यापक नव्हते. समाजशास्त्रं आणि निसर्गविज्ञानं शिकवणारे, वकील, लेखक-संपादक आणि कंपन्यांचे अधिकारीही त्यांत होते. निबंधांचे नऊ ढीग करा, एवढंच सांगितलं. चांगला कशाला म्हणायचं, हे मुद्दाम सांगितलं नाही.

300 पैकी 101 निबंध नऊच्या नऊ ढिगांत जाऊन आले. म्हणजे कुणाला ते सर्वोत्तम वाटले, तर कुणाला सर्वांत टाकाऊ. पाचपेक्षा कमी ढिगांत राहिलेला निबंध एकही नव्हता. स्टार्चच्या काळात असा निकाल लागला असता तर परीक्षकांना दूषणं देऊन विषय संपला असता. डिडरिकनं मात्र कुणाचं मत कुणाशी जुळतं ते बघितलं. गणितानं वाचकांचे पाच गट पडले. मग त्यानं त्या-त्या गटातल्यांनी समासात काय लिहिलं होतं ते वाचलं. एक गट विचारांवर गुण देत होता आणि तोच सर्वांत मोठा होता. दुसरा व्याकरण, विरामचिन्हं, शुद्धलेखनावर. तिसरा मांडणीवर, चौथा शब्दयोजनेवर. पाचव्याला हवी होती लेखणीची लज्जत. परीक्षक लहरी नव्हते, प्रत्येक जण एकेका निष्ठेनं तपासत होता. फक्त ती निष्ठा गुणांच्या एका आकड्यात बुडून जात होती. रकाने आखणं म्हणजे या पाच पंथांना एकाच कागदावर बसवणं.

त्यातून आलेली मोजपट्टी 1974 च्या ‘मेझरिंग ग्रोथ इन इंग्लिश’ या पुस्तकात आहे. विचार आणि मांडणी यांना दहा-दहा. शब्दयोजना, लज्जत, भाषिक शुद्धता, विरामचिन्हं, शुद्धलेखन, हस्ताक्षर यांना पाच-पाच. एकूण 50. पहिल्या दोघांना दुप्पट का? साहित्यशास्त्राचा कुठलाही सिद्धान्त यामागे नव्हता. प्रयोगातल्या शाळांतले शिक्षक त्या वेळी वर्गात हेच दोन घटक शिकवत होते. ललित लेखन शिकवत असते, तर शब्दयोजना आणि लज्जत दुप्पट झाल्या असत्या. भारांश असा कामचलाऊ होता आणि तसं कबूलही केलं होतं.

माझे रकाने आले ते दुसऱ्या घराण्यातून. 1981 साली हॉली जेकब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परभाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी एक तक्ता छापला: आशय 30, मांडणी 20, शब्दसंपत्ती 20, भाषावापर 25, तांत्रिक बाबी 5. प्रत्येक रकान्यात चार पायऱ्या आणि प्रत्येक पायरीचं वर्णन. मी मधले दोन एकत्र करून ‘भाषा 45’ केलं. हा तक्ता जगभर फिरला आणि फिरता फिरता ‘आशयाला सर्वाधिक महत्त्व’ असं त्याच्याबद्दल बोललं जाऊ लागलं. 30 हा सर्वांत मोठा आकडा म्हटल्यावर ते खरं वाटतंच.

पण तळाच्या पायऱ्या बघा. आशयाला शून्य देता येत नाही, तिथला तळ 13 आहे. मांडणी आणि शब्दसंपत्ती सातवर थांबतात, भाषावापर पाचवर, तांत्रिक बाबी दोनवर. कोऱ्या पानाजवळ जाणाऱ्या निबंधालाही 34 मिळतातच. म्हणजे खरा खेळ 66 गुणांचा. त्यात आशय फक्त 17 गुण हलू शकतो, भाषावापर एकटा 20 हलतो. माझ्या एकत्र केलेल्या ‘भाषे’ला 33 गुणांचं मैदान आहे, 66 च्या बरोबर निम्मं. कागदावर आशय पहिला, मैदानात भाषा. मुलाच्या साचेबंद निबंधालाही आशयाचे 18 मिळाले याचं आश्चर्य तेव्हा संपतं. त्यातले 13 तर घरचेच होते.

याचंच दुसरं रूप तक्त्यात दिसत नाही, गठ्ठ्यात दिसतं. वर्गातल्या चाळीस वह्यांत आशयाचे गुण 19 ते 22 मध्येच घुटमळत असतील, तर त्या रकान्यावर 30 लिहिलेलं असो की 60, क्रमवारी तो ठरवत नाही. ज्या रकान्यात गुण पसरतात, तोच क्रम लावतो. तपासून झाल्यावर प्रत्येक उभ्या रकान्यातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा शेजारी लिहून बघावा. मी लिहिले, तेव्हा भारांशाच्या मानानं माझा आशयाचा रकाना सर्वांत आखूड निघाला. या दोन वह्या सोडल्या, तर तीस गुण देऊन मी तिथे पाचसात गुणांतच तपासत होतो.

दुसरा रोग एडवर्ड थॉर्नडाइकनं 1920 मध्येच ओळखला होता. हाताखालच्या माणसांची वेगवेगळ्या गुणांवर पारख करायला सांगितली, की वरिष्ठ सगळ्याच गुणांना जवळजवळ सारखी दाद देतात. एका गुणाचं तेज बाकीच्यांवर पडतं. चांगलं अक्षर दिसलं की मांडणीही नेटकी वाटू लागते. वहीवर चारही आकडे एकाच पायरीवरचे दिसले की मी सावध होतो. त्यावर उपाय कंटाळवाणा आहे. सगळ्या वह्यांचा आशय आधी तपासायचा, मग गठ्ठा उलटा करून सगळ्यांची मांडणी. वेळ दुपटीनं लागतो. परीक्षेच्या दिवसांत कुणी असं करत नाही, मीही नाही.

एक चूक दोनदा कापली जाते, ती वेगळीच. परिच्छेद न पाडणं हा दोष जेकब्सच्या तक्त्यात तांत्रिक बाबींत येतो, पण ते निबंधाच्या घाटातही जाणवतंच. मुलीचे गुण मी दोन्हीकडे कापले होते. मराठीत तर लेखनशुद्धता या रकान्याची हद्दच हलती. 1962 च्या लेखननियमांपूर्वी ‘तें’ आणि ‘केलें’ यांवरचा अनुस्वार दिला नाही तर चूक धरली जाई. आज दिला तर धरली जाते. निबंध तोच.

मग दोन्ही वह्या डिडरिकच्या पट्टीवर ठेवून पाहिल्या. मुलगी: विचार 10, मांडणी 6, शब्दयोजना 4, लज्जत 4, भाषिक शुद्धता 3, विरामचिन्हं 1, शुद्धलेखन 1, हस्ताक्षर 2. झाले 31, म्हणजे शंभरपैकी 62. मुलगा: 4, 10, 3, 2 आणि पुढे चार वेळा 5. झाले 39, म्हणजे शंभरपैकी 78. मुलगा जिथल्या तिथे राहिला, मुलगी सोळा गुणांनी घसरली, कारण जेकब्स ज्याला पाच गुणांत आवरतात, त्यातलाच बराचसा ऐवज डिडरिक चार रकान्यांत मांडतो आणि तिथे पन्नासातले वीस गुण जातात.

दोन्ही तक्ते नामांकित. माझ्या वर्गासाठी कुठला, ते डिडरिकच्याच रीतीनं ठरवायला बसलो. त्या सहामाहीत मी काय शिकवलं, हे दैनिक टाचणात बघितलं. ऱ्हस्व-दीर्घाचे चार तास घेतले होते. एखादी गोष्ट जवळून पाहून लिहिण्यावर दोन. परिच्छेद कुठे मोडायचा, यावर एकही नाही. मुलीच्या वहीतला मांडणीचा 14 मी खोडला. त्या जागी काय लिहायचं, ते अजून ठरलेलं नाही.