ताप शत्रू की पहारेकरी? चांदीपुराची गोष्ट

यवतमाळात पावसाळा लागला की घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, "लेकराला ताप आला." माझी आजी अंगावर वाकळ टाकायची, आई ओल्या पट्ट्या ठेवायची आणि मी मात्र थर्मामीटरचा आकडा बघून घाबरायचो. आज त्या आकड्यामागची गोष्ट सांगतो.

आधी एक प्रयोग. १९७५ साली अमेरिकेत मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वाना सरड्यांना जिवाणू टोचले. सरड्याला स्वतःचं शरीर आतून तापवता येत नाही, म्हणून त्याला बाहेरच्या उष्णतेवर अवलंबून राहावं लागतं. मोकळं सोडलं, तर आजारी सरडा स्वतःहून जास्त गरम जागा शोधतो, हे त्यांनी आधीच पाहिलं होतं. आता त्यांनी सरड्यांना ३४ ते ४२ अंश सेल्सिअसच्या वेगवेगळ्या तापमानांत ठेवलं. थंड जागेतले बहुतेक मेले, ४० च्या पुढचे बरेच वाचले. पुढच्या वर्षी त्यांनी औषध देऊन ताप दाबून पाहिला, तेव्हा ज्यांचा ताप उतरला त्यांच्यात मरण वाढलं.

म्हणजे ताप हा रोगाने केलेला बिघाड नाही, आपल्या मेंदूने घेतलेला निर्णय आहे. जंतू दिसले की पांढऱ्या पेशी रक्तात संदेश सोडतात आणि मेंदूतला हायपोथॅलॅमस शरीराचा थर्मोस्टॅट वर सरकवतो. समजा तो ३७ वरून ३९ वर गेला. मग ३७ चं अंग मेंदूला 'थंड' वाटतं, म्हणून थंडी वाजते, कापरं भरतं, आणि वाकळ हवीशी वाटते. तापलेल्या अंगात पांढऱ्या पेशी जोमाने काम करतात, आणि बऱ्याच जंतूंची वाढ मंदावते. पण हे फुकट नाही. दर अंशाला शरीराचा ऊर्जाखर्च साधारण १० टक्क्यांनी वाढतो आणि पाणी झपाट्याने कमी होतं.

मग धोका कधी? इथे आपल्या शेजारचीच गोष्ट येते. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात तापाच्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांना एक नवा विषाणू सापडला. गावावरून त्याचं नाव पडलं 'चांदीपुरा'. साधा ताप आणणारा विषाणू म्हणून त्याच्याकडे फारसं कुणी बघितलं नाही. मग २००३ साल उजाडलं. आपल्या पैनगंगेपलीकडच्या तेव्हाच्या आंध्र प्रदेशात ३२९ लेकरं आजारी पडली आणि त्यातली १८३ दगावली. महाराष्ट्रातही त्याच वर्षी ही साथ आली आणि पुढेही विदर्भात रुग्ण सापडत राहिले. हा विषाणू वाळूमाशी पसरवते. ही माशी मातीच्या भिंतींच्या भेगांत राहते. आजार थेट मेंदूवर जातो. सकाळी ताप, मग उलट्या, झटके आणि एक-दोन दिवसांत बेशुद्धी.

आता लक्षात घ्या, या लेकरांचा घात थर्मामीटरच्या आकड्याने केला नाही. मेंदूवर हल्ला झाला होता आणि त्याची खूण होती बदललेली शुद्ध. म्हणून आकड्यापेक्षा लेकराकडे बघा. १०२ ताप असूनही पाणी पितंय, ओळखतंय, ताप उतरला की खेळतंय, तर शरीर आपलं काम करतंय. पण १०१ वरच सुस्त पडलंय, हाक मारली तरी नीट उठत नाही, सारख्या उलट्या करतंय, मान ताठ झालीये, धाप लागलीये, लघवी बंद झालीये किंवा झटका आलाय, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. तीन महिन्यांपेक्षा लहान बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप आला, तरी थांबायचं नाही. चांदीपुराला खास औषध नाही, लसही नाही. झटके थांबवणं, श्वास सांभाळणं आणि शरीरातलं पाणी राखणं एवढंच डॉक्टरांच्या हाती असतं, म्हणून वेळ महत्त्वाची.

आणखी एक फरक. आपल्या मे महिन्यात ४४-४५ अंशांत शेतात काम करणारा माणूस तापून बरळायला लागला, तर तो ताप नव्हे, उष्माघात आहे. इथे थर्मोस्टॅट वर सरकलेलाच नाही, शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नाहीये. म्हणून पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी टाकून वारा घाला आणि लगेच दवाखान्यात हलवा. तापाला मेंदूचा ब्रेक असतो, तो सहसा ४१ च्या पुढे जाऊ देत नाही. उष्माघाताला तो ब्रेक नसतो.

मग पॅरासिटामॉल घ्यायचं का? लेकरू बेचैन असेल, पाणी पीत नसेल, तर वजनाप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलेला डोस जरूर द्या. तो द्यायचा लेकराला बरं वाटावं म्हणून, आकडा खाली आणण्यासाठी नाही. माझ्या आजीला थर्मोस्टॅट माहीत नव्हता, पण थंडी वाजली की वाकळ द्यायची आणि घाम सुटला की ती काढायची, हे तिला बरोबर कळत होतं. तिच्या त्या ज्ञानात चांदीपुराने फक्त एक ओळ जोडली: ताप बघताना लेकराची शुद्ध बघा.

भेटू पुढच्या भागात.