पागोट्याखालचें टक्कल

धाराशिव, परंडें, कळंब, तुळजापूर या भागांतील जुन्या पिढ्यांच्या पुरुषांना टक्कल पडत नसे, असें कोणी म्हटल्यास तें खरें नव्हे. तें चारचौघांना दिसत नसे, एवढें मात्र खरें. याचें श्रेय कोणत्याहि तेलाला नसून वस्तऱ्याला आणि पागोट्याला आहे.

बारा बलुतेदारांतील न्हावी ठराविक दिवसांनीं घरोघर येई आणि सुगीच्या वेळीं धान्याच्या रूपानें आपलें बलुतें नेई. हिंदु पुरुषाच्या कपाळापासूनचे केस तो काढून टाकी व माथ्यावर शेंडी राखी. ब्राह्मणांत शेंडीभोवतीं घेरा असे. त्यावर पागोटें, पगडी किंवा रुमाल चढे. उघड्या डोक्यानें बाहेर पडणें हें शोकाचें लक्षण मानलें जाई. आतां पुरुषांचे केस बहुधा दोन ठिकाणांहून विरळ होऊं लागतात: कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून आणि माथ्यावरच्या भोंवऱ्यापासून. पैकीं पहिल्या जागेचे केस वस्तरा आधींच नेत असे, आणि दुसऱ्या जागेवरची शेंडी उतारवयांत उंदराच्या शेपटीएवढी झाली तरी ती पागोट्याखालीं असे. कापणें आणि झांकणें हे दोन्ही उपाय एकाच डोक्यावर, कोणाला दोष न लागतां, नांदत होते.

१९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. तेथील शिकलेल्या नोकरवर्गांत शेरवानीबरोबर रुमी टोपी आली, तरी डोकें झांकलेलेंच राहिलें. फरक पडला तो पुढें. शेंडी जाऊन इंग्रजी पद्धतीचे केस आले, आणि हळूहळू टोपीहि खुंटीवरच राहूं लागली. केस राखायचे आणि डोकें उघडें ठेवायचें, हा नवा रिवाज होय. टकलाची लाज शहरी घरांत वाढली ती यामुळें.

मग लपविण्याची कला आली. ती नवी मात्र नव्हे. रोमचा ज्युलियस सीझर मागचे विरळ केस पुढें ओढून बसवी आणि विजयाची पर्णमाला डोक्यावर आवडीनें मिरवी, असें त्याच्या चरित्रकारानें, स्वेटोनियसानें लिहून ठेविलें आहे. आपल्याकडील गृहस्थ भांग खालीं नेतो. प्रथम बोटभर, मग आणखी, शेवटीं कानापर्यंत. केस महिन्याला सुमारें एक सेंटिमीटर वाढतो. आठ सेंटिमीटर रुंदीचा उघडा भाग झांकण्यास एका बाजूचे केस आठ महिने तरी वाढवावे लागतात. इतका लांब केस वाऱ्यानें उचलला जातो आणि घामानें चिकटतो. तेल लावावें तर केसांच्या बटा बनतात व त्यांच्या फटींतून टाळू अधिकच चकाकते. भांग कानाशीं टेकला, कीं लपविण्याचा उपाय संपला असें समजावें. तो गृहस्थ तें बहुधा सर्वांच्या शेवटीं समजतो.

कात्री लागली म्हणजे चित्र पालटतें. विरळपणा डोळ्यांत भरतो तो विरोधामुळें: बाजूला दाट, लांब केस आणि मध्यें उजाड जागा. चांगला कारागीर म्हणून बाजूचे केस यंत्रानें तीन मिलिमीटरांवर आणतो, वरचे सहांवर ठेवितो आणि मधली कड पुसून टाकतो. वरची टाळू स्पष्ट दिसूं लागली असेल, तर सर्वत्र तीनच ठेवितो. आखूड केल्यानें केस गळत नाहींत, तसे दाटहि होत नाहींत. तुळजापुरास जावळ काढल्यावर बाळाचे केस दाट येतात ही समजूत प्रेमळ आहे, पण केसाचें मूळ त्वचेखालीं असतें आणि वस्तरा तेथवर पोंचत नाहीं. टोपीनें टक्कल पडतें हीहि तशीच समजूत. कारण आनुवंशिक आहे. पुरुषत्वाच्या रसाच्या एका रूपाला कांहीं मुळें अधिक संवेदनशील असतात, त्यामुळें तीं दर फेरीस आकसतात आणि केस बारीक, आखूड, फिका होत जातो. बाजूच्या व मागच्या मुळांवर हा परिणाम फारसा होत नाहीं. शल्यवैद्य रोपणासाठीं केस तेथूनच घेतात. मिनॉक्सिडिलसारखें औषध आरंभीं उपयोगी पडूं शकतें, पण तें थांबविलें कीं टिकविलेले केसहि जातात. गुळगुळीत झालेल्या टाळूवर तें फारसें कांहीं करूं शकत नाहीं. अचानक वाटोळी चाई पडली तर ती निराळी व्याधि. तेथें न्हाव्याकडे न जातां वैद्याकडे जावें.

केस उतरविलेल्या माणसास या जिल्ह्यांत एक अडचण उरते, ती उन्हाची. भर्तृहरीच्या नीतिशतकांतला खल्वाट उन्हानें पोळून झाडाखालीं गेला आणि त्याच्या डोक्यावर फळ पडलें. वैशाखांत तुळजापूरचा घाट चढणारा शहाणा मनुष्य झाडाचा भरंवसा धरीत नाहीं. तो आजोबांसारखा डोक्यास रुमाल गुंडाळतो.