कोचिंग क्लास मध्येच बंद पडला? फी परत मागणारी नोटीस कुणाच्या नावाने आणि किती रुपयांची पाठवायची

दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलं क्लासला जातात, तर शटर खाली आणि कुलूप लावलेलं. व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज येतो, 'तांत्रिक कारणामुळे बॅच काही दिवस बंद राहील.' मग ग्रुपवर मेसेज टाकण्याची सोयच बंद होते. सरांचा फोन लागत नाही. फी मात्र जूनमध्येच पूर्ण भरलेली असते.

जानेवारी 2025 मध्ये 'फिटजी' या मोठ्या कोचिंग संस्थेची उत्तर भारतातली अनेक केंद्रं अशीच अचानक बंद झाली आणि नोएडा, गाझियाबादमध्ये पालकांना पोलिसांकडे जावं लागलं. छोट्या शहरातल्या क्लासबाबत असं झालं तर त्याची बातमीही होत नाही. अशा वेळी पालकांना पहिला सल्ला मिळतो तो लीगल नोटीस पाठवण्याचा. पण घाईत पाठवलेल्या अनेक नोटिसा वाया जातात, कारण त्या चुकीच्या नावाने जातात किंवा त्यातला हिशोब टिकत नाही.

नोटीस पाठवावीच लागते का?

ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार तक्रार करण्याआधी नोटीस पाठवणं सक्तीचं नाही. ती वकिलानेच पाठवावी असाही नियम नाही. पालक स्वतःच्या सहीने साध्या कागदावर, मराठीतही नोटीस पाठवू शकतात. विद्यार्थी 18 वर्षांखालचा असेल, तर तक्रारदार म्हणून आई, वडील किंवा कायदेशीर पालक उभे राहतात. म्हणून नोटीसही त्यांच्याच नावाने जावी.

तरीही नोटीस पाठवण्याचा फायदा आहे. पैसे मागितले, मुदत दिली आणि समोरच्याने ते दिले नाहीत, हे तिच्यामुळे कागदावर येतं. सेवेत त्रुटी असताना पैसे परत न करणं ही कायद्याने 'अनुचित व्यापारी प्रथा' ठरते. त्यासाठी पावतीवर मुदत लिहिलेली नसेल, तर कायदा 30 दिवसांचा काळ धरतो. त्यामुळे नोटिशीत 'तीन दिवसांत पैसे द्या' असा दम भरण्यापेक्षा 30 दिवसांची मुदत देणं जास्त भक्कम ठरतं.

शाळा-कॉलेज ग्राहक कायद्यात येत नाहीत, मग क्लास कसा येतो, असा प्रश्न पडू शकतो. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी 2020 मध्ये मनू सोळंकी विरुद्ध विनायका मिशन विद्यापीठ या प्रकरणात हा फरक स्पष्ट केला. शिक्षण संस्था कायद्याबाहेर राहतील, पण कोचिंग क्लासची तुलना नियमित शाळा-कॉलेजशी करता येणार नाही आणि त्यांच्या सेवेतल्या त्रुटीबद्दल ग्राहक आयोगाकडे जाता येईल, असं आयोगाने म्हटलं.

पैसे नेमके कुणाकडे गेले?

बोर्डवर लिहिलेलं नाव हा बहुतेक वेळा फक्त ब्रँड असतो. त्या नावावर कायद्याने जबाबदारी टाकता येत नाही. पैसे घेणारा एक तर एकटा मालक असतो, किंवा भागीदारी फर्म, किंवा प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. नोटीस त्याच्या नावाने जायला हवी.

हे शोधायला फीची पावती काढा. त्यावर जीएसटी नंबर असेल, तर अर्धं काम झालं. हा नंबर 15 अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्रासाठी 27. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन नंबर. त्यामुळे जीएसटी नंबरातलं सहावं अक्षर मालकीचा प्रकार सांगतं. ते P असेल तर एकटी व्यक्ती मालक आहे, F असेल तर फर्म आणि C असेल तर कंपनी.

gst.gov.in या साइटवर Search Taxpayer मध्ये तो नंबर टाकला की कायदेशीर नाव, व्यापारी नाव आणि व्यवसायाचा मुख्य पत्ता दिसतो. यासाठी लॉगिन लागत नाही. कंपनी असेल तर तिचा नोंदणीकृत पत्ता कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या mca.gov.in या साइटवर मिळतो. क्लासला कुलूप लागलेलं असताना हाच पत्ता कामाला येतो.

पावतीवर जीएसटी नंबरच नसेल, तर यूपीआय किंवा बँक स्टेटमेंट पाहा. पैसे ज्या नावाच्या खात्यात गेले ते नाव तिथे असतं. क्लास एखाद्या मोठ्या ब्रँडची फ्रँचायझी असेल, तर पावती देणारा आणि ब्रँडची मूळ कंपनी, दोघांनाही नोटीस पाठवावी. नाहीतर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

किती पैसे मागायचे?

रागाच्या भरात पूर्ण फी आणि वर पाच लाख भरपाई मागितली जाते. क्लास काही महिने चालला असेल, तर पूर्ण फीची मागणी सहसा टिकत नाही. हिशोब न झालेल्या शिकवणीचा करावा. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी 2024 च्या कोचिंग मार्गदर्शक सूचनाही हेच सूत्र सांगतात. पूर्ण फी भरलेल्या विद्यार्थ्याने मध्येच कोर्स सोडला, तरी उरलेल्या काळाची फी 10 दिवसांत परत करावी, असं त्यात आहे. या सूचना राज्यांनी अंमलात आणायच्या आहेत. त्या कायद्याइतक्या बंधनकारक नाहीत, पण हिशोबाला आधार म्हणून नोटिशीत त्यांचा उल्लेख करता येतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, परभणीत राहणाऱ्या पालकांनी मुलीला लातूरच्या एका क्लासमध्ये नीटच्या तयारीसाठी घातलं. कोर्स 1 जून 2025 ते 31 मार्च 2026, म्हणजे 10 महिन्यांचा. फी 1,00,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 1,18,000. शिवाय डिसेंबरपासून सुरू होणाऱ्या टेस्ट सिरीजचे जीएसटीसह 5,900 रुपये वेगळे भरले. क्लास 1 नोव्हेंबरला बंद झाला.

10 पैकी 5 महिने शिकवणी झाली, 5 महिने राहिली. म्हणून मुख्य फीपैकी निम्मे, 59,000 रुपये परत यायला हवेत. टेस्ट सिरीज सुरूच झाली नाही, म्हणून तिचे 5,900 पूर्ण. एकूण मागणी 64,900 रुपयांची. यावर क्लास बंद झाल्याच्या तारखेपासून व्याज मागता येतं. 9 टक्क्यांनी ते महिन्याला साधारण 487 रुपये होतं. व्याज किती द्यायचं, हे शेवटी आयोग ठरवतो. मानसिक त्रासाची भरपाई आणि खर्च पुढे तक्रारीत वेगळे मागता येतात.

'फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही' असं पावतीमागे छापलेलं असतं. इथे मुलीने क्लास सोडलेला नाही, क्लासनेच शिकवणं थांबवलं आहे. हे वाक्य नोटिशीत स्पष्ट लिहावं.

नोटिशीत काय लिहायचं?

वरच्या उदाहरणासाठी मुख्य मजकूर इतका पुरेसा आहे:

'माझ्या मुलीने आपल्याकडे 1 जून 2025 ते 31 मार्च 2026 या काळाच्या ऑफलाइन कोर्ससाठी प्रवेश घेतला. त्यापोटी मी आपणास एकूण 1,23,900 रुपये दिले. पावत्यांच्या प्रती सोबत आहेत. आपण 1 नोव्हेंबर 2025 पासून शिकवणी बंद केली. ही सेवेतली त्रुटी आहे. न झालेल्या शिकवणीचे 59,000 आणि सुरू न झालेल्या टेस्ट सिरीजचे 5,900, असे 64,900 रुपये ही नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत माझ्या खात्यात जमा करावेत. अन्यथा मी ग्राहक आयोगाकडे व्याज, भरपाई आणि खर्चासह तक्रार दाखल करेन.'

यात 'ऑफलाइन' हा शब्द महत्त्वाचा आहे. बंद पडलेले क्लास अनेकदा रेकॉर्डेड व्हिडिओ किंवा दुसऱ्या शहरातल्या शाखेची ऑफर देतात. ती मान्य नसेल तर तसं लेखी कळवावं. नुसतं गप्प राहून व्हिडिओ पाहत राहिलं, तर पुढे 'सेवा सुरूच होती' असं म्हणायला क्लासला जागा मिळते.

नोटीस टपाल खात्यातून, नोंदणी आणि पोचपावतीसह पाठवावी. तीच ईमेल आणि व्हॉट्सॲपवरही टाकावी. पाकीट परत आलं तर ते फोडू नका. पत्ता बरोबर असताना 'घेण्यास नकार' असा शेरा आला, तर नोटीस मिळाली असंच सहसा धरलं जातं. 'पत्त्यावर राहत नाही' असा शेरा असेल, तर मात्र दुसरा पत्ता शोधून पुन्हा पाठवावी.

हप्ते सुरू असतील तर?

'सोप्या हप्त्यांत फी' या योजनेत पालक बऱ्याचदा क्लासला हप्ते देत नसतात. एक फायनान्स कंपनी सगळी फी क्लासला आधीच देते आणि पालक त्या कंपनीचे कर्ज फेडत असतात. क्लास बंद झाला म्हणून ऑटो-डेबिट थांबवलं, तर थकबाकी विद्यार्थ्याच्या किंवा पालकांच्या सिबिलवर दिसू शकते. म्हणून नोटिशीची प्रत फायनान्स कंपनीलाही पाठवावी आणि उरलेलं कर्ज रद्द करण्याची मागणी लेखी करावी. लेखी उत्तर येण्याआधी हप्ता थांबवणं धोक्याचं आहे.

30 दिवसांत उत्तर आलं नाही तर?

मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचं. पालक जिथे राहतात तिथेच तक्रार करता येते, म्हणजे उदाहरणातल्या पालकांना लातूरला खेटे घालायची गरज नाही, परभणीतच तक्रार होते. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. तक्रार e-jagriti.gov.in वर ऑनलाइनही दाखल करता येते. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहता येते, पण हेल्पलाइन मध्यस्थी करते, आदेश देत नाही.

तक्रारीची मुदत दोन वर्षं आहे आणि ती घटना घडल्यापासून मोजली जाते. नोटीस पाठवल्याने ती वाढत नाही. 'पुढच्या महिन्यात देतो' या आश्वासनांवर थांबलेल्या पालकांचं नुकसान इथेच होतं.

क्लास चालवणारी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि एनसीएलटीने स्थगिती दिली, तर तिच्याविरुद्धची तक्रार थांबते. तेव्हा तिथे नेमलेल्या व्यावसायिकाकडे मुदतीत पैशांचा दावा नोंदवावा लागतो. पावत्या, बँक स्टेटमेंट आणि नोटिशीतला हिशोब त्या दाव्यालाही जोडता येतो. म्हणून क्लासला कुलूप दिसलं त्याच दिवशी त्याचा फोटो, ग्रुपवरच्या मेसेजचे स्क्रीनशॉट आणि पावत्या एका जागी ठेवा. ॲडमिन ग्रुप डिलीट करायला वेळ लागत नाही.