चार्लियरचा ताळा

लातूर विभागीय मंडळाच्या कक्षेत लातूर, नांदेड आणि धाराशिव हे तीन जिल्हे येतात. इथला दहावीचा विद्यार्थी बीजगणितात 'सांख्यिकी'च्या प्रकरणाशी पोचला, की त्याला वर्गीकृत वारंवारता सारणीवरून मध्य, मध्यक आणि बहुलक काढावा लागतो. पुढे वाणिज्य घेऊन तो नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या एखाद्या महाविद्यालयात गेला, की तीच सारणी प्रमाण विचलनाला घेऊन पुन्हा समोर येते. सूत्रे पाठ असतात, सरावाची पाने भरभरून सोडवलेली असतात. अडते ते एकाच ठिकाणी. आलेले उत्तर बरोबर आहे का, हे मागची उत्तरसूची न उघडता सांगता येत नाही.

उत्तर स्वतःच तपासून पाहण्याची सोय मात्र जुनी आहे, आणि आपल्याकडे ती आणखी जुनी आहे. गुणाकार-भागाकार करून झाल्यावर नवाचा ताळा घेण्याची रीत दुसऱ्या आर्यभटाच्या 'महासिद्धान्ता'त, म्हणजे साधारण दहाव्या शतकात, सापडते. अंकांची बेरीज करून नऊ टाकत जायचे आणि दोन्ही बाजूंना उरलेला अंक जुळतो का ते पाहायचे. त्याची मर्यादाही तेवढीच जुनी आहे. ५४ च्या जागी ४५ लिहिले गेले, तरी नवाचा ताळा बिनबोभाट जुळतो.

सारणीसाठीचा ताळा आला स्वीडनमधून. कार्ल विल्हेल्म लुडविग चार्लियर (१८६२–१९३४) हे लुंड विद्यापीठात खगोलशास्त्राचे प्राध्यापक होते. हजारो ताऱ्यांची मोजमापे वर्गांत मांडायची, गृहीतमध्य धरून विचलने लहान करायची आणि सगळी आकडेमोड हातानेच करायची, असा तो काळ. लांबलचक रकान्यात एखादा गुणाकार चुकला, तर तो शोधायला सगळे पुन्हा करावे लागे, आणि तोच माणूस तीच आकडेमोड तशीच पुन्हा करतो तेव्हा चूकही बऱ्याचदा तशीच पुन्हा होते. म्हणून चार्लियरने शेजारी एक वेगळा रकाना मांडला. त्यात प्रत्येक विचलनात एक मिळवून गुणाकार करायचे. अंक बदलले की गुणाकारही बदलतात, त्यामुळे जुनी चूक आपोआप दुसऱ्यांदा होत नाही. नव्या रकान्याची बेरीज जुन्यापेक्षा नेमकी एकूण वारंवारतेइतकी जास्त यायला हवी, कारण प्रत्येक निरीक्षणाला आपण बरोबर एक जास्त दिला आहे.

प्रत्यक्ष करून पाहू. समजा, ५० शेतकऱ्यांचे सोयाबीनचे एकरी उत्पादन क्विंटलमध्ये असे आहे. आकडे उदाहरणापुरतेच आहेत. गृहीतमध्य ७ आणि वर्गांतर २ धरले आहे.

| वर्ग | वर्गमध्य | f | u | f × u | f × (u + 1) |
|---|---|---|---|---|---|
| २–४ | ३ | ६ | −२ | −१२ | −६ |
| ४–६ | ५ | ११ | −१ | −११ | ० |
| ६–८ | ७ | १८ | ० | ० | १८ |
| ८–१० | ९ | १० | १ | १० | २० |
| १०–१२ | ११ | ५ | २ | १० | १५ |
| एकूण | | ५० | | −३ | ४७ |

−३ अधिक ५० बरोबर ४७. ताळा जुळला. मध्य ७ + २ × (−३ ÷ ५०) म्हणजे ६.८८ क्विंटल. मध्यप्रमाण विचलन पद्धतीत हमखास होणारी चूक ऋण चिन्हाची असते. पहिल्या ओळीत −१२ ऐवजी १२ लिहिले गेले, तर f × u ची बेरीज २१ होते, तिच्यात ५० मिळवून ७१ येतात आणि शेजारच्या रकान्यातल्या ४७ शी ते मुळीच जुळत नाहीत. बेरजेच्या पायरीवरच चूक पकडली जाते. माझ्या मते हा रकाना दहावीच्या वहीतही असावा. त्याला लागतो जेमतेम अर्धा मिनिट.

पण नवाच्या ताळ्यासारखीच याचीही नजर मर्यादित आहे. u चा रकानाच चुकीचा मांडला, तर u + 1 त्यावरूनच काढलेला असल्याने दोन्ही रकाने सारखेच चुकतात आणि ताळा खुशाल जुळतो. वारंवारता चुकीची उतरवली तरी तेच. शेवटी वर्गांतराने गुणायचे राहिले तर मध्य ६.९४ येतो, आणि ताळा त्याच्या आधीच संपलेला असतो. यावर उपाय म्हणजे दुसरी वाट, सरळ पद्धत. वर्गमध्य आणि वारंवारता यांचे गुणाकार १८, ५५, १२६, ९० आणि ५५, त्यांची बेरीज ३४४, भागिले ५०, पुन्हा ६.८८.

मध्यकाला असा रकाना नाही, पण त्याला कुंपण आहे. ५० चे निम्मे २५. संचित वारंवारता ६, १७, ३५ अशी वाढते, म्हणून मध्यक वर्ग ६–८. सूत्रात घालायची ती त्याच्या आधीच्या वर्गाची संचित वारंवारता, म्हणजे १७. त्यावरून मध्यक ६ + (८ ÷ १८) × २, म्हणजे ६.८९. सरावात सर्वांत जास्त घसरण इथेच होते, मुले ३५ घालतात. मग उत्तर ४.८९ येते आणि ते ६–८ या वर्गाच्या बाहेर पडते. मध्यक आपल्या वर्गाबाहेर गेला की पुढे काही तपासायची गरज नाही, चूक झालीच आहे.

बहुलक जास्त चकवतो. ६ + (७ ÷ १५) × २ असे करून तो ६.९३ येतो. आधीच्या आणि नंतरच्या वर्गाच्या वारंवारतांची अदलाबदल झाली तर ७.०७ मिळतो, आणि तोही वर्गाच्या आतच असतो. इथे पाहायचे ते झुकाव. बहुलक आपल्या वर्गाच्या मध्यापासून जास्त वारंवारतेच्या शेजाऱ्याकडे झुकतो. इथे ११ हे १० पेक्षा मोठे, तेव्हा तो ७ च्या खालीच असला पाहिजे. ७.०७ तिथेच उघडा पडतो.

तिन्ही उत्तरे एकत्र तपासण्याची रीत इंग्रज संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांच्याकडून आली. बहुलकासाठीचा इंग्रजी शब्द त्यांनी १८९५ मध्ये रूढ केला. मध्यकाची तिप्पट वजा मध्याची दुप्पट जवळपास बहुलकाइतकी येते, हे निरीक्षणही त्यांचेच. आपल्या सारणीत ते ६.९१ येते, सूत्राने काढलेल्या ६.९३ च्या अगदी जवळ. तरी हा नियम नव्हे, थोड्याफार तिरप्या वितरणांपुरता अंदाज आहे. एका टोकाला फार झुकलेल्या किंवा दोन शिखरे असलेल्या सारणीत तो जुळला नाही म्हणून बरोबर उत्तर खोडू नये.

यातला एकही ताळा मात्र १०–१९, २०–२९ अशा असलग वर्गांतली चूक पकडत नाही. तिथे वर्गमध्य १४.५ आणि २४.५ असतात, आणि ९.५–१९.५ असे सलग केल्यावरही तेच राहतात. त्यामुळे मध्य बरोबर येतो, चार्लियरचा रकानाही जुळतो. पण मध्यकासाठी खालची सीमा ९.५ ऐवजी १० घेतली की उत्तर अर्ध्याने सरकते. शिवाय वर्गांतर १० ऐवजी ९ धरले, तर चूक आणखी वेगळी होते. तरीही मध्यक बहुतेक वेळा आपल्या वर्गातच राहतो. ही चूक सापडते ती फक्त सारणीच्या पहिल्या रकान्यात एका वर्गाचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात शेजारी ठेवून वाचल्यावर.