स्वस्त क्लिक, महाग जाहिरात : जागानिहाय अहवाल कसा वाचावा?

फेसबुक आणि इन्स्टाग्रामची मालक असलेली मेटा कंपनी एकच जाहिरात अनेक जागी दाखवते. वापरकर्ता बोटाने वर सरकवत पाहतो ते फीड, पूर्ण पडदा व्यापणाऱ्या स्टोरीज आणि मेटाशी करार केलेली इतरांची अ‍ॅप, म्हणजे प्रामुख्याने मोबाइलवरील खेळ, या त्यांपैकी मुख्य. इतरांच्या अ‍ॅपमधील या जाळ्याला Audience Network म्हणतात. जाहिरातदाराने वेगळे काही निवडले नाही, तर कोणत्या जागी किती पैसे घालायचे हे यंत्रणाच ठरवते. पैसे कुठे गेले, हे Ads Manager मधील Breakdown या यादीतून Placement निवडल्यावर दिसते.

हा अहवाल वाचताना होणारी चूक एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. बेळगावजवळच्या कडोली गावातील एक घरगुती व्यावसायिक चतुर्थीपूर्वी गोव्यातील ग्राहकांसाठी कुंद्याची जाहिरात करतो, असे समजू. आठवड्याचा खर्च ६,००० रुपये. त्यातील ३,६०० रुपये फीडवर गेले व २४० क्लिक मिळाले. स्टोरीजवर १,४०० रुपयांत १४०, तर भागीदार अ‍ॅपवर १,००० रुपयांत तब्बल ५०० क्लिक मिळाले. म्हणजे एका क्लिकचा दर अनुक्रमे १५, १० आणि २ रुपये. एवढ्यावर निर्णय घेतला, तर सारे पैसे भागीदार अ‍ॅपकडे वळवावेसे वाटतील.

क्लिकनंतर काय घडले?

खरे चित्र पुढच्या दोन रकान्यांत आहे. संकेतस्थळाचे पान प्रत्यक्ष उघडले, अशी नोंद Landing page views मध्ये होते. त्यासाठी पानावर मेटाचा पिक्सेल बसवलेला असावा लागतो. आपल्या उदाहरणात फीडच्या २४० क्लिकांतून २०० वेळा, स्टोरीजच्या १४० मधून १०० वेळा, पण भागीदार अ‍ॅपच्या ५०० मधून केवळ ५० वेळा पान उघडले. मागण्या अनुक्रमे १२, ४ आणि शून्य. पान उघडण्याचा दर काढला, तर फीडवर तो १८ रुपये, स्टोरीजवर १४ आणि भागीदार अ‍ॅपवर २० रुपये पडतो. सर्वांत स्वस्त वाटलेली जागाच सर्वांत महाग ठरली.

खेळाच्या मध्येच पडदाभर येणारी जाहिरात बंद करताना बोट चुकून तिच्यावर पडते, हे यामागील एक नेहमीचे कारण. ऑगस्ट २०१७ मध्ये फेसबुकनेच सांगितले होते, की अशा नकळत क्लिकनंतर माणूस पानावर बहुधा दोन सेकंदांहून कमी वेळ थांबतो. असे क्लिक यापुढे मोजणार नसल्याचेही तेव्हा जाहीर झाले. तरीही क्लिक आणि उघडलेली पाने यांतील मोठी तफावत ही आजही पहिली खूण मानावी.

काय वगळावे, काय ठेवावे?

भागीदार अ‍ॅप वगळण्यास येथे पुरेसा आधार आहे. फीडच्या दराने १,००० रुपयांत तीन मागण्या अपेक्षित होत्या. शून्य हा निव्वळ योगायोगही असू शकला असता, परंतु न उघडलेली पाने त्याला दुजोरा देतात.

स्टोरीजचे तसे नाही. तेथे एक मागणी ३५० रुपयांना पडली, फीडवर ३०० रुपयांना. पण स्टोरीजवर आणखी एकच मागणी आली असती, तर तो दर २८० वर आला असता. चार मागण्यांवरून निकाल देणे घाईचे होय. शिवाय अहवालातील दर हा सरासरी असतो. फीडमधील स्वस्त ग्राहक संपत आले, की यंत्रणा पुढचा ग्राहक स्टोरीजमध्ये शोधते. स्टोरीज बंद केल्यास ते पैसे फीडवर जातील; मात्र तेथील पुढची मागणी ३०० रुपयांनाच मिळेल, असे नाही. ती ४५० रुपयांनाही पडू शकते. स्टोरीजसाठी आधी उभे, ९:१६ प्रमाणातील चित्र द्यावे आणि मजकूर वरच्या व खालच्या कडेपासून दूर ठेवावा. फीडसाठीचे चौकोनी चित्र तेथे तसेच वापरणे, हे अनेकदा अपयशाचे कारण असते.

वगळण्याची सोय Ad set च्या पातळीवर आहे. Manual placements निवडून Audience Network समोरील खूण काढावी. त्याआधी मोहिमेचे उद्दिष्ट तपासावे. ते केवळ क्लिक मिळवण्याचे असेल, तर यंत्रणा स्वस्त क्लिकच शोधत राहील. विक्री वा पान उघडणे हे उद्दिष्ट ठेवल्यास पैशांची वाटणी बदलू शकते. मोठ्या बदलानंतर यंत्रणेची शिकण्याची अवस्था नव्याने सुरू होऊ शकते, म्हणून रोज फेरफार न करता किमान आठवडाभर थांबून पुन्हा तोच अहवाल पाहावा.

मागण्या व्हॉट्सअ‍ॅपवर येत असतील, तर पान उघडल्याची नोंद मिळणार नाही. अशा वेळी सुरू झालेली संभाषणे अहवालात पाहावीत आणि त्यांतील किती जणांनी खरोखर माल घेतला, याची नोंद स्वतःच्या वहीत ठेवावी.