शुगरची नोंदवही : आकडा लिहिलात, पण टीप लिहिली का?

ठाकुर्ली : घरात शुगर तपासायचं मशीन आलं की पहिले आठ दिवस कॅलेंडरवर आकडे लिहिले जातात. १५४, ११४, १५१. मग डॉक्टरांकडे जायची वेळ येते, आपण कॅलेंडरचं पान दाखवतो आणि डॉक्टर विचारतात, "हा १५१ कधीचा? आदल्या रात्री किती वाजता जेवलात?" आठवत नाही. तिथेच त्या आकड्याचा अर्धा उपयोग संपतो. म्हणून नोंदवही कशी ठेवायची, ते एका नमुन्यावरून पाहू.

रकाने चारच पुरेत. तारीख, उपाशीपोटी, जेवणानंतर, आणि डॉक्टरांसाठी टीप. शाळेच्या शंभर पानी वहीत पट्टीने रेघा मारा, टीपेचा रकाना सगळ्यात रुंद ठेवा.

उपाशीपोटी म्हणजे रात्रीच्या जेवणानंतर किमान आठ तास काही न खाता, सकाळची गोळी घ्यायच्या आधी. पाणी चालतं. "फक्त अर्धा कप चहा घेतला" हे चालत नाही, साखर-दुधाचा चहा म्हणजे खाणंच. जेवणानंतरची तपासणी दोन तासांनी करायची, आणि हे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे. हात धुतल्यापासून मोजले तर अर्धा तास उशीर होतो आणि आकडा उगाच चांगला दिसतो. कोणत्या जेवणानंतरचा आकडा आहे, तेही लिहायचं.

आता नमुना. धरून चाला, ठाकुर्ली पूर्वेला राहणारे एक काका आहेत, वय ५६, नोकरी ठाण्याला, जाणं-येणं धीम्या लोकलने. सकाळी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, रात्री परत मेटफॉर्मिन. त्यांच्या वहीतलं एक पान असं :

| तारीख | उपाशीपोटी | जेवणानंतर २ तास | डॉक्टरांसाठी टीप |
|---|---|---|---|
| ४ मे | ११८ (स. ६:१०) | १६२ (नाश्ता) | काल रात्री ८ ला जेवण. नाश्ता २ चपात्या, भाजी |
| ६ मे | १५४ (स. ६:१५) | १७१ (नाश्ता) | काल गाड्या लेट, रात्री ११ ला जेवण, भात जास्त |
| ७ मे | ११४ (स. ६:०५) | २३६ (रात्री) | लग्नाचं जेवण, रात्री १०:३०. जिलेबी खाल्ली |
| ८ मे | १५१ (स. ६:३०) | – | उशीर झाला, नाश्ता नाही, गोळी घेतली. दु. १२:१५ ला घाम, हात थरथरले. तपासली : ६२ |
| १० मे | १२१ (स. ६:१०) | २६४, मग १६८ (दुपार) | आंबा कापून तसंच बोट टोचलं. हात धुवून परत घेतली |

टीपेचा रकाना हाताने झाका आणि पान परत वाचा. सकाळची शुगर दोनदा दीडशेवर, जेवणानंतर एकदा २३६ आणि एकदा २६४. कोणालाही वाटेल की गोळी कमी पडतेय, वाढवायला हवी.

आता हात काढा. सकाळी दीडशेवर गेलेले दोन्ही दिवस रात्री उशिरा जेवल्यानंतरचे आहेत. ज्या रात्री वेळेवर जेवण झालं, त्या सकाळी ११८, ११४ आणि १२१. बहुतेक मोठ्या माणसांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या खाली असं धरतात. वयस्कर किंवा इतर आजार असलेल्यांना, तसंच गरोदर बाईला डॉक्टर वेगळे आकडे सांगतात. म्हणजे काकांची ती सकाळ ठीकच आहे. २६४ तर खोटाच आकडा होता. बोटाला आंब्याचा रस होता आणि पट्टीने रक्ताबरोबर त्याचीही साखर मोजली. सॅनिटायझर पुसून हे जात नाही, हात पाण्याने धुवून कोरडे करावे लागतात.

पण या पानावर सगळ्यात महत्त्वाची ओळ ८ मेची आहे. ६२ हा आकडा ना उपाशीपोटीच्या रकान्यात बसतो, ना जेवणानंतरच्या. टीप नसती तर तो लिहिलाच गेला नसता. ७० च्या खाली म्हणजे शुगर उतरली. ग्लिमेपिराइड शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. गोळी घेऊन नाश्ता चुकवला की दुपारपर्यंत हे असं होऊ शकतं. आता विचार करा, टीप न बघता हीच गोळी वाढली असती, तर पुढच्या वेळी चक्कर आली असती ती कदाचित लोकलच्या दारात. तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीएवनसी तपासणीतही असा ६२ वेगळा दिसत नाही. वरचे आणि खालचे आकडे त्यात एकत्र मिसळून जातात.

अशा वेळी आधी उपाय, वही नंतर. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायची. अजून ७० च्या खाली असेल तर तेवढीच साखर परत, आणि बरं वाटल्यावर काहीतरी खायचं. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. बरं वाटल्यावर वेळ, आकडा, काय वाटत होतं, शेवटचं कधी खाल्लं आणि कोणती गोळी घेतली होती, एवढं लिहा. आणि पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवा. गोळी आपल्या मनाने मात्र बंद करू नका.

पट्ट्या महाग, रोज दोन परवडत नाहीत, हे खरं आहे. काकांनीही आठवड्यात सगळे दिवस तपासलेलं नाही. गोळ्यांवर असाल तर आठवड्यातून तीन दिवस, पण जोडीने तपासा. एक दिवस नाश्त्याआधी आणि नंतर, दुसऱ्या वेळी दुपारच्या जेवणाआधी आणि नंतर, मग रात्रीच्या. महिन्याभरात सगळी जेवणं येऊन जातात. इन्सुलिन चालू असेल तर हा हिशोब लावू नका, तिथे डॉक्टर सांगतील तितक्या वेळा.

मशीनचा आकडा लॅबशी तंतोतंत जुळणार नाही. शंभरच्या वर पंधरा टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे लॅबचा १४० आणि मशीनचा १५५ यात बिघाड नाही. जुळवून बघायचंच असेल तर उपाशीपोटी, लॅबला रक्त देताना लगेच बघा. जेवणानंतर बोटाच्या रक्तात साखर शिरेतल्या रक्तापेक्षा जास्तच येते. पट्ट्यांची डबी उघडी राहिली की कोकणपट्टीच्या दमट हवेत पट्ट्या खराब होतात. आकडे अचानक विचित्र यायला लागले तर आधी डबीवरची तारीख आणि झाकण बघा.

सेल बदलल्यावर मशीनचं घड्याळही तपासा, बऱ्याच मशीनमध्ये ते मागे जातं आणि मग मेमरीतल्या वेळा चुकतात. स्क्रीनवर `HI` किंवा `LO` आलं तर आकडा मशीनच्या मापाबाहेर गेलाय. हात धुवून एकदा परत घ्या, तेच आलं तर त्याच दिवशी दवाखाना. तीनशेच्या वर आकडा दोनदा आला आणि सोबत उलट्या किंवा धाप असेल, तरीही तसंच.

वहीत सगळे आकडे १२०, १३०, १४० असे गोल असले की डॉक्टरांना कळतं की रात्री बसून एकदम लिहिलेत. जो आला तो लिहा, २३६ आला तर २३६. ज्या दिवशी तपासली नाही तिथे रेघ मारा. दवाखान्यात जाताना वही, मशीन आणि गोळ्यांची पाकिटं तिन्ही पिशवीत टाका, आणि घरातून निघण्यापूर्वी शेवटच्या दोन पानांचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा.